वाड्यातला जुना फोटो रंगवतोय: टोपी काळी की लाल, आणि लुगड्यांचं काय?

पैठणगेट

नमस्कार मंडळी. आमच्या घरचा एक कृष्णधवल फोटो गिंपमध्ये रंगवायला घेतलाय. फोटो अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावच्या वाड्यात काढलेला आहे. मागच्या पुठ्ठ्यावर उर्दू शिक्का आहे आणि त्याखाली हातानं १३५५ लिहिलंय. चौकात सतरंजी टांगून तिच्यासमोर सगळ्यांना बसवलंय. मधे खुर्चीवर आजोबा, अंगात फिकट शेरवानी आणि डोक्यावर सपाट माथ्याची, गोंड्याची टोपी. ते तेव्हा तहसिलीत नोकरीला होते. बाजूला आजी, नऊवारी लुगडं आणि खणाची चोळी. तिच्या मांडीवर माझे वडील. मागं उभी आत्या, पाच-सहा वर्षांची. कडेला पणजी, केशवपन केलेली, डोक्यावरून पदर.

स्कॅन ६०० डीपीआयचा आहे. कागदाचा पिवळेपणा काढून फोटो आधी निव्वळ करडा केला, मग वर थर टाकून `HSL Color` मोडमध्ये रंग भरायलोय. अडचणी तीन:

टोपी, आजीचं लुगडं आणि पणजीचं लुगडं, तिन्ही जवळजवळ काळी दिसतात. टोपीवर लाल रंग टाकला तर चढतच नाही, काळ्याला नुसती लालसर झाक येते. मग त्या काळ्याच समजायच्या का? दुसरं, सगळ्यांची कातडी एकाच मातीच्या पुतळ्यांसारखी दिसते. तिसरं, मागची भिंत आणि सतरंजी कोणत्या रंगाची करावी ते कळेना.

सतीश_जालना

सोपं आहे. करड्याच्या छटेवरून मूळ रंग ओळखता येतो. गडद करडा म्हणजे गडद रंग, फिकट करडा म्हणजे फिकट रंग. टोपी काळी दिसते म्हणजे काळीच होती. नसता ताण घेऊ नका. आणि १३५५ हे हिजरी साल दिसतंय, म्हणजे १९३६ चा फोटो.

माई_उदगीर

हिजरी नाही रे बाबा. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार फसली सालानं चालायचा. फसलीत ५९० मिळव, म्हणजे १९४५ च्या ऑक्टोबरपासून १९४६ च्या ऑक्टोबरपर्यंतचं वर्ष येतं. वडिलांचा जन्म कधीचा?

पैठणगेट

१९४३ चा. फोटोत लेकरू दोन-अडीच वर्षांचं दिसतं. म्हणजे माई, तुमचंच बरोबर.

माई_उदगीर

मग टोपीचंही ऐक. सपाट माथा आणि गोंडा म्हणजे ती रूमी टोपी. निजामाच्या कचेऱ्यांमधून हिंदू-मुसलमान दोघंही शेरवानीवर ती घालत. माझ्या वडिलांची होती, गडद लाल, गोंडा काळा. ती काळी रंगवलीस तर आजोबांच्या डोक्यावर भलतीच टोपी चढेल.

आणि पणजीचं लुगडं काळं नव्हे. केशवपन केलेली बाई त्या काळी आलवण नेसायची. तांबडं असतं ते, काठ-पदर नसलेलं, धुऊन धुऊन विटलेलं. आजकाल सगळ्यांना विधवा म्हटलं की पांढरं पातळ आठवतं. इतर समाजांत पांढरं किंवा साधं रंगीत नेसत असतील, पण केशवपन केलेल्या बाईच्या अंगावर आलवणच.

सतीश_जालना

माई, तुमचा अनुभव मान्य. पण लाल रंग फोटोत इतका काळा कसा येईल? मोबाइलवर लाल शर्टाचा फोटो काढून ब्लॅक-अँड-व्हाइट करा, मध्यम करडा येतो. आत्ताच करून बघितलं.

निगेटिव्हवाले

सतीशराव, तुमचा मोबाइल लाल बघतो. त्या फोटोग्राफरची प्लेट बहुतेक लाल बघतच नव्हती. खरी मेख इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. परभणीत वडिलांचा स्टुडिओ होता, मी शाळकरी वयापासून डार्करूममध्ये.

तेव्हा दोन जातीचा माल मिळायचा. पॅनक्रोमॅटिक मालाला सगळे रंग दिसतात, म्हणून तो पूर्ण अंधारात धुवावा लागतो. ऑर्थोक्रोमॅटिक मालाला निळा आणि हिरवा दिसतो, लाल दिसत नाही. त्यामुळे तो लाल दिव्याखाली बघत बघत धुता येतो. गावोगावच्या फोटोग्राफरना हे सोयीचं होतं. प्लेट किती उतरली ते डोळ्यांनी बघून बाहेर काढायची. पॅनक्रोमॅटिक माल निघून बराच काळ झाला तरी तालुक्याच्या गावांत ऑर्थो चालत राहिला तो यामुळे.

ऑर्थोवर लाल म्हणजे काळा आणि निळा म्हणजे फिकट. गडद निळंसुद्धा अपेक्षेपेक्षा उजळ येतं. आभाळ तर पांढरंफटक. म्हणून "गडद करडा म्हणजे गडद रंग" हे अर्धंच खरं. छटेवरून काही रंग बाद करता येतात, नेमका रंग मिळत नाही.

आता तुमचा फोटो ऑर्थो आहे की नाही हे त्या फोटोलाच विचारायचं. आजीचं कुंकू बघा. ओठ बघा. चेहऱ्यावरचे डाग, पुळ्या उठून दिसतात का ते बघा. कुंकू शाईसारखं काळं आणि ओठही गडद असतील तर ऑर्थो धरून चालायला हरकत नाही. एकट्या कुंकवावर जाऊ नका. काही बायका मुळातच काळपट कुंकू लावत, आणि क्वचित रिटचरनं ते शाईनं ठळक केलेलं असतं.

पैठणगेट

काका, कुंकू ठार काळं आहे. आजीचे आणि आत्याचेही ओठ गडद, जणू काही लावलंय. आजोबांच्या गालावर वांगाचे डाग आहेत, तेही ठळक. सतरंजीवर पट्टे आहेत, एक गडद आणि एक अगदी फिकट. ती सतरंजी गावी माळ्यावर अजून आहे, चुलत्यांनी फोटो पाठवला. पट्टे लाल आणि निळे!

निगेटिव्हवाले

मग साक्षीदार घरातच सापडला की. गडद पट्टा लाल, फिकट पट्टा निळा, असंच ना? चारही साक्षी एकाच बाजूला आहेत. ऑर्थो समजा आणि पुढं चला.

रेवती_म

हे संगणकावर पडताळता येतं. सतरंजीचा रंगीत फोटो सावलीत काढायला सांगा, फ्लॅश नको. गिंपमध्ये तो उघडून `Colors > Desaturate > Mono Mixer` मध्ये जा. लाल शून्य करा, हिरवा ०.४ आणि निळा ०.६ ठेवा. जी करडी प्रत येईल ती ढोबळमानानं ऑर्थो प्लेटला दिसलेली सतरंजी. मग लाल ०.२१, हिरवा ०.७२, निळा ०.०७ टाकून बघा, हे साधारण आपल्या डोळ्याच्या हिशेबाचं मिश्रण. तुमच्या जुन्या फोटोतले पट्टे कोणत्या प्रतीशी जुळतात ते लगेच दिसेल.

फक्त एक सांभाळा. यातून कोण कोणापेक्षा गडद हा क्रमच घ्यायचा, आकडे घ्यायचे नाहीत. कापड विटलेलं असतं, मोबाइल स्वतःच्या मनानं रंग बदलतो आणि माझं ०.४-०.६ हेही अंदाजानंच आहे.

पैठणगेट

करून पाहिलं रेवतीताई. लाल शून्य केल्यावर पट्टे तंतोतंत जुन्या फोटोसारखे झाले, लाल काळाकुट्ट आणि निळा फिकट राखाडी. दुसऱ्या मिश्रणात उलट लाल पट्टा निळ्यापेक्षा किंचित उजळ आला.

तर टोपी लाल हे पटलं. पण रंग चढत नाही त्याचं काय?

रेवती_म

Color मोड खालच्या फोटोचा उजेड-अंधार जसाच्या तसा ठेवतो आणि वरून फक्त रंग घेतो. खाली जवळजवळ काळं असेल तर कितीही भडक लाल टाका, ते काळंच राहणार. खरी लाल टोपी डोळ्याला एवढी काळी नसते, प्लेटनं ती काळी केली. म्हणून रंग भरण्याआधी तेवढाच भाग उजळून घ्यावा लागतो.

असं करा. मूळ थराची प्रत घ्या, तिला काळा मास्क लावा आणि मास्कवर फक्त टोपीचा आकार पांढरा रंगवा, कड दोन-तीन पिक्सेल मऊ ठेवून. त्या प्रतीवर `Curves` उघडून अंधाराकडचा भाग वर उचला. रंग-पिपेटनं LCh मधला L, म्हणजे उजेडाचा आकडा, वाचत राहा. टोपी आता १० च्या आसपास असेल, ती २५ ते २८ वर आली की थांबा. गोंडा मास्कच्या बाहेर ठेवा, तो काळाच हवा. मग वरच्या थरावर गडद लाल भरा आणि मोड `HSL Color` ऐवजी `LCh Color` करून बघा. त्यात रंग बदलला तरी डोळ्याला जाणवणारा उजेड जास्त स्थिर राहतो.

बिघडलं हे कसं कळेल? उचललेल्या भागात दाणे एकदम ठळक झाले किंवा टोपी कागद चिकटवल्यासारखी सपाट दिसायला लागली, तर जास्त उचललंय. जिथं मूळ फोटोत तपशीलच उरला नाही, उदाहरणार्थ टोपीची सावलीकडची बाजू, तिथं काही मिळणार नाही. ती बाजू गडद सोडून द्या, खरी वाटते.

पणजीच्या आलवणाला हीच रीत, पण लाल कमी तीव्र आणि थोडा तपकिरीकडे झुकलेला. कुंकवाला आणि ओठांनाही. ओठ न उचलता लाल केले तर १९४६ सालच्या आजीला लिपस्टिक लावल्यासारखं होतं.

गणू_बीड

आमच्याकडे पण असाच फोटो आहे. कलर झेरॉक्स मारली तर कलर येईल का? किती घेतात?

निगेटिव्हवाले

गणूभाऊ, कृष्णधवल फोटोची कलर झेरॉक्स मारली तर त्याचा पिवळेपणा तेवढा रंगीत येईल. हा धागा हातानं रंग भरण्याबद्दल आहे.

दमयंती_नांदेड

माझं थोडं वेगळं आहे. आमच्या आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोला स्टुडिओवाल्यानंच तेव्हा हातानं रंग दिलाय. गाल गुलाबी, साडी हिरवी, दागिने पिवळे. आता गालावरचा रंग उडालाय आणि साडीवर ओघळ आलेत. तो स्कॅन करून कृष्णधवल करायचा आणि नव्यानं रंगवायचा का?

निगेटिव्हवाले

दमयंतीताई, घाई करू नका. तो हातरंग हीच एक साक्ष आहे. रंगवणाऱ्यानं बहुतेक नवरीला बघितलेलं असतं किंवा घरच्यांना साडीचा रंग विचारलेला असतो. गालांची गुलाबी मात्र त्याची स्वतःची, ती सगळ्यांना सारखीच लावत. आधी रंगासकट स्कॅन करून ती फाइल जपून ठेवा. फोटोला पाणी, कापूस काही लावू नका, पाण्यात उतरणारे रंग असतील तर ओल्या बोटानंही निघतात. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, तिथं लिहितो.

सतीश_जालना

ऑर्थोचं मान्य केलं काका. पण मग त्याच न्यायानं माणसंही खऱ्यापेक्षा काळी आली असणार ना? कातडीत लाल असतोच. म्हणजे आजीला बिनधास्त गोरी करा.

निगेटिव्हवाले

पहिला भाग बरोबर आहे. ऑर्थोवर सावळा, गव्हाळ रंग जास्त गडद उतरतो. पण दुसऱ्या बाजूनं फोटोग्राफर पावडर लावायला सांगत आणि आमचे वडील निगेटिव्हवर पेन्सिलनं चेहरा उजळ करत. मालानं किती काळं केलं आणि पेन्सिलनं किती उजळवलं हे आता कोण सांगणार? आजीचे हात बघा. हातांना पेन्सिल सहसा लावत नसत. चेहरा आणि हात यांत मोठा फरक असेल तर रिटचिंग झालंय.

माई_उदगीर

आजी सावळी असेल तर सावळीच ठेव. गोरी करून कोणाला दाखवायची आहे?

सतीश_जालना

माई, तसा अर्थ नव्हता. फोटो खोटं बोलत असेल तर दुरुस्त करायचा, एवढंच.

रेवती_म

दोघांच्या मधलं सांगते. मी कातडीचा मध्यभाग अगदी थोडा उचलते आणि सगळ्यांचा सारखाच. म्हणजे कोण कोणापेक्षा उजळ हा क्रम मोडत नाही. किती उचलायचं ते घरातल्या जिवंत माणसांकडे बघून ठरवायचं. वडिलांचा दंडाचा आतला भाग दिवसाच्या सावलीत बघा, उन्हानं न रापलेला मूळ रंग तिथं असतो.

आता मातीच्या पुतळ्यांबद्दल. एकच रंग सगळ्या कातडीवर टाकला की तसंच होणार. आधी पायाचा रंग: HSV मध्ये ह्यू २२ च्या आसपास आणि सॅच्युरेशन साधारण ४५ टक्के. मग वेगळ्या थरावर मऊ ब्रशनं, दहा टक्के अपारदर्शकतेनं, गाल, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या आणि बोटांची पेरं लालसर करा, ह्यू १५ पर्यंत आणून. कपाळ थोडं पिवळसर, २६ पर्यंत. आजोबांची दाढी केलेली हनुवटी किंचित राखाडी. सावलीत रंग थोडा तीव्र आणि तांबूस, चमकेवर अगदी फिका. बहुतेक जण चमकेवरही तेवढाच रंग ठेवतात आणि मग चेहरा मेणाचा दिसतो.

आजोबा रोज टोपी घालत, म्हणजे टोपीखालची कपाळाची पट्टी उरलेल्या चेहऱ्यापेक्षा उजळ असणार. फोटोत दिसत असेल तर ती पुसू नका.

डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा सोडू नका, त्यात कातडीचा थोडा रंग असतो. आणि केसांच्या कडेला जी करडी रेघ उरते ती काढायला कातडीचा रंग केसांच्या आत थोडा सरकवा, केसांचा रंग नंतर त्याच्यावर येऊ द्या.

पैठणगेट

रेवतीताई, कातडीत बराच फरक पडला. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "आता आई आईसारखी दिसायली." पण दागिने हिरवट दिसतायत. पिवळाच टाकलाय.

रेवती_म

गडद भागावर पिवळा टाकला की तो शेवाळी दिसतो, सगळ्यांचं होतं. सोन्याच्या सावलीत पिवळा नको, नारिंगी-तपकिरी द्या. मधल्या भागात पिवळा आणि चमकेवर जवळजवळ काही नाही. जरीलाही तेच.

निगेटिव्हवाले

पार्श्वभूमी राहिली. सतरंजीचे रंग मिळालेच आहेत, पण आजच्या सतरंजीवरून घेतलेला रंग तसाच टाकू नका, ती तेव्हा नवी असेल. तरी माणसांपेक्षा तिचा रंग फिकाच ठेवा. भिंत कसली आहे?

पैठणगेट

माळवदाचं घर होतं काका. खाली काळ्या दगडाचा जोता, वर पांढऱ्या मातीची भिंत, चुना दिलेला. सतरंजीच्या एका कडेला सागवानी खांब दिसतो.

निगेटिव्हवाले

चुन्याची भिंत करडी ठेवली तर ती एकटीच कृष्णधवल राहून गेल्यासारखी दिसते. तिला रंग द्या, पण अगदी पुसट, सॅच्युरेशन पाच ते आठ टक्के. चौकातल्या जमिनीवरून उसळलेला उजेड भिंतीच्या खालच्या भागावर पडतो, तो तांबूस. वरचा भाग उघड्या आभाळाकडे, तो किंचित निळसर. खाली पावसाच्या शिंतोड्यांचे डाग असतील तर ते मातीच्याच रंगाचे करा. आपला काळा दगडही काळा नसतो, राखाडी असतो आणि जुना झाला की तपकिरी झाक येते. खांबाला गडद तपकिरी. नवीन फर्निचरसारखा तांबडा सागवान नको, तेलपाणी होऊन तो काळवंडलेला असतो.

स्टुडिओतला फोटो असता तर वेगळं सांगितलं असतं. आमच्याकडचा बागेचा आणि खांबांचा पडदा मुळातच राखाडी रंगांनी रंगवलेला होता, कारण रंगीत फोटो कोणी काढतच नव्हतं. तसल्या पडद्यावर निळं आभाळ आणि हिरवी झाडं रंगवली की सगळा फोटो खोटा पडतो.

पैठणगेट

आता सगळ्यात अवघड. आजीचं लुगडं. आत्या नांदेडला असते, तिला फोन केला. ती ठामपणे म्हणते, हिरवं होतं, काठ लाल. फोटोत मात्र अंग आणि काठ दोन्ही गडद, काठ जरासा जास्त.

माई_उदगीर

इरकली असणार. आपल्या या पट्ट्यात तेच चालायचं. अंग हिरवं, डाळिंबी, काळं असं काहीही, आणि टोपपदर लाल-पांढरा. पदर दिसतो का? लालात पांढऱ्या आडव्या रेघा आणि करवतीच्या दातांसारखी नक्षी असेल तर इरकलच. पण काळी चंद्रकळा लाल काठाची, तीही शक्य आहे हं. संक्रांतीच्या सुमारास काढला असेल फोटो तर.

पैठणगेट

पदराचा थोडाच भाग दिसतो, त्यात पांढऱ्या रेघा आहेत. आणि आत्याकडे एक वाकळ आहे, आजीच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. त्यात हिरव्या लुगड्याचा एक तुकडा लाल काठासकट आहे! तिच्या मुलानं फोटो पाठवलाय.

रेवती_म

त्याला सांगा, वरून दिसणारा रंग घेऊ नको. शिवणीच्या आत दुमडलेला भाग उलगडून त्याचा फोटो काढ, तिथं ऊन आणि साबण कमी पोचलेला असतो. मग तो फोटो लाल शून्य करून Mono Mixer मधून काढा.

पैठणगेट

काढला. आतला हिरवा बराच गडद आहे, बाटलीच्या काचेसारखा. लाल शून्य केल्यावर काठ काळा आणि अंग त्याहून थोडं उजळ. फोटोतला क्रम हाच आहे.

सतीश_जालना

मग झालं की! हिरवं फायनल.

निगेटिव्हवाले

फायनल नाही. हिरव्याशी विरोध नाही, एवढंच म्हणता येईल. अंग डाळिंबी असतं तर काठ आणि अंग एकाच काळ्या छटेत गेले असते, म्हणून डाळिंबी मागं पडतं. चंद्रकळा असती तर अंग काठापेक्षा गडद किंवा काठाएवढंच आलं असतं, उजळ यायला नको. पण अंगावर उजेड पडला असेल आणि काठ घडीच्या सावलीत असेल तर हा फरक नुसत्या उजेडाचाही असू शकतो. काठ आणि अंग दोन्ही सपाट आणि एकाच उजेडात आहेत अशी जागा शोधा, मांडीवरची निरी वगैरे, आणि तिथला L वाचा. शिवाय वाकळीतलं लुगडं फोटोतलंच कशावरून? काठाची नक्षी जुळवून बघा. तेवढ्या भागाचा १२०० डीपीआयनं पुन्हा स्कॅन करा.

माई_उदगीर

आत्याच्या शब्दालाही काही किंमत आहे की नाही? ती तिथं उभी होती.

निगेटिव्हवाले

आहे माई. पण पाच-सहा वर्षांच्या लेकराला त्या दिवशीचं लुगडं आठवतं की वर्षानुवर्षं अंगावर घेतलेल्या वाकळीतला तुकडा आठवतो, हे तिलाही सांगता यायचं नाही.

पैठणगेट

मांडीवर लेकरू असल्यानं निऱ्या झाकल्यात, पण गुडघ्याजवळ एक सपाट जागा आहे. अंग १७, काठ १२. १२०० चा स्कॅनही केला. काठात दातेरी नक्षी आहे हे दिसतं, वाकळीतल्या काठातही दातेरी आहे, पण दात किती मोठे ते फोटोत दाण्यांमध्ये हरवतं.

सध्या लुगडं गडद हिरवं ठेवतोय, L थोडाच वाढवून. लुगड्याचा थर वेगळा ठेवलाय, म्हणजे उद्या दुसरं काही निघालं तर तेवढाच बदलता येईल. प्रिंटच्या मागं लिहिणार आहे की टोपी, सतरंजी पुराव्यानं आणि लुगडी अंदाजानं.

रेवती_म

थर उघडे असलेली `.xcf` फाइल जपा, नुसती जेपीजी नको. आणि लॅबला द्यायच्या आधी छोटी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. स्क्रीनवर बरा वाटणारा लाल कागदावर बऱ्याचदा अंगावर येतो, आणि तुमच्या फोटोत लाल जागा अनेक आहेत.

सतीश_जालना

चोळीचं कोणी बोललंच नाही. खणाची आहे ना? ती कोणत्या रंगाची?

माई_उदगीर

हिरव्या लुगड्यावर तर मी डाळिंबी खण म्हणेन. पण फोटोत चोळी गडद आहे का फिकी, ते आधी सांग बघू.